राजाचं नाव कुठं लिहिलंय? एका फोटोचा धडा

रहिमतपुरात आमची संध्याकाळची अभ्यासिका चालते. तिथे येणारा आठवीचा एक मुलगा जवळजवळ पाहू शकत नाही. कागद डोळ्यांना चिकटवला तर त्याला मोठे ठिपके दिसतात, उजेड आणि काळोख कळतो, एवढेच. तो इतर मुलांबरोबर नेहमीच्याच शाळेत बसतो. गणित आणि इतिहास ऐकून शिकतो, चित्रकलेच्या तासाला मात्र गप्प बसून राहायचा. शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंनी एके दिवशी आम्हाला निरोप धाडला. पुढच्या आठवड्यात वर्गात एका जुन्या चित्राचा फोटो दाखवून त्याबद्दल बोलायचे होते. या मुलासाठी आम्ही त्या चित्राचे वर्णन लिहून द्यावे, त्या ते मोठ्याने वाचतील, अशी त्यांची कल्पना होती.

चित्र अजिंठ्याचे होते, पहिल्या लेण्यातले. आम्हाला आनंद झाला. अजिंठा म्हणजे आपला वारसा, समाजशास्त्रात एम. ए. झालेलो, भाषणे देण्याची सवय, मग वर्णन लिहायला कितीसा वेळ लागणार? रात्री जेवण झाल्यावर अर्ध्या तासात आम्ही पाच वाक्ये लिहून काढली. ती इथे जशीच्या तशी देतो, कारण या लेखातला सगळा वाद त्या पाच वाक्यांशी आहे.

"या चित्रात चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी दरबारात सिंहासनावर बसला आहे. इराणचा बादशहा खुस्रो याचे वकील त्याला नजराणा देत आहेत. राजा प्रसन्न झाला आहे. भोवती दासी उभ्या असून काही काळ्या दासी चवरी ढाळत आहेत. चित्राचे रंग तपकिरी आणि उदास आहेत."

दुसऱ्या दिवशी अभ्यासिकेत आम्ही ही वाक्ये त्या मुलाला वाचून दाखवली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "दादा, हे चित्र केवढं हाय? वहीएवढं, का भिंतीएवढं?"

आमच्याकडे उत्तर नव्हते. हातातला फोटो वहीच्या पानाएवढा होता. मूळ चित्र लेण्याच्या भिंतीवर आहे हे माहीत होते, पण त्याचा केवढा भाग या फोटोत आला आहे, आजूबाजूला आणखी काय आहे, यातले काहीच कागदावरून कळत नव्हते. त्याचा दुसरा प्रश्न आणखी अवघड होता. "पुलकेशी म्हणून वर नाव लिहिलंय का?"

नव्हते लिहिलेले. चित्रात राजाचे नाव नाही. मग आम्ही ते कुठून लिहिले? लहानपणी कुठेतरी वाचलेल्या ओळीवरून. डोळस मुलगा निदान म्हणू शकला असता की मला तर इथे फक्त एक माणूस बसलेला दिसतोय. हा मुलगा तसे म्हणू शकत नव्हता. आम्ही जे सांगू तेच त्याचे चित्र होणार होते. ज्यांना वाचू दिले नाही त्यांना शतकानुशतके दुसऱ्यांनी वाचून दाखवलेलेच खरे मानावे लागले, हे आपण व्यासपीठावरून किती वेळा सांगतो! त्या दिवशी वाचून दाखवणाऱ्याच्या जागी आम्ही बसलो होतो.

म्हणून आम्ही पाचही वाक्ये एकेक करून तपासायला घेतली.

पहिल्या दोन वाक्यांपासून सुरुवात करू. हे चित्र 'इराणी वकिलात' या नावाने ओळखले जाते. फोटोत खरोखर दिसते ते असे. खांब असलेल्या एका दालनात, उंच बैठकीवर, दागिने घातलेला एक पुरुष बसला आहे. त्याच्याभोवती स्त्रिया-पुरुषांची गर्दी आहे. त्याच्याकडे काही पुरुष येत आहेत. त्यांच्या डोक्यावर टोकदार टोप्या आहेत, चेहऱ्यावर दाढी आहे, अंगभर कपडे आहेत. दालनातले बाकीचे लोक बहुतेक कमरेच्या वर उघडे आणि दागिन्यांनी सजलेले आहेत, त्यामुळे हे टोपीवाले वेगळे उठून दिसतात. त्यांच्यातल्या पुढच्याच्या हातात मोत्यांच्या सरासारखे काहीतरी आहे, मागच्यांच्या हातांत भांडे आणि तबक असावे असे वाटते. फोटो एवढेच सांगतो.

पुलकेशीचे नाव १८७९ साली आले. जेम्स फर्ग्युसन हे स्कॉटिश वास्तुअभ्यासक होते. भारतातल्या लेण्यांवर त्यांनी मोठे काम केले आहे. त्यांनी त्या वर्षी एक निबंध लिहून या चित्राची ओळख पटल्याचे जाहीर केले. त्यांचा तर्क पायरीपायरीने असा होता. टोप्या आणि दाढ्या इराणी धाटणीच्या आहेत, म्हणून हे इराणी. ते भेटी देत आहेत, म्हणून हे वकील. तबरी या इतिहासकाराने इराणचा बादशहा दुसरा खुस्रो आणि एक हिंदी राजा यांच्यातल्या पत्रव्यवहाराचा आणि भेटींचा उल्लेख केला आहे. तो काळ दुसऱ्या पुलकेशीचा आहे. म्हणून बैठकीवरचा पुरुष पुलकेशी. आणि चित्रात पुलकेशी आहे, म्हणून हे चित्र सातव्या शतकातले.

शेवटची पायरी नीट पाहा. चित्राचा काळ आधी दुसऱ्या पुराव्याने ठरला आणि मग राजाचे नाव मिळाले, असे घडले नाही. नावावरून काळ ठरला, आणि पुढे त्या काळाचाच आधार नावाला मिळत गेला. दोन माणसे एकमेकांची जामीन राहिली, तिसरा साक्षीदार कोणीच नाही, अशातली ही गोष्ट आहे.

तिसरा साक्षीदार पुढे आला तो लेण्यांतूनच. सोळाव्या लेण्यात वराहदेवाचा शिलालेख आहे. हा वराहदेव वाकाटक राजा हरिषेण याचा मंत्री होता. हरिषेणाचा काळ पाचव्या शतकाचा उत्तरार्ध. वॉल्टर स्पिंक या अमेरिकन अभ्यासकाने अजिंठ्यासाठी आयुष्य घातले. दारांच्या चौकटी, खिळ्यांची भोके, अर्धवट सोडलेले खांब, घाईत उरकलेले कोरीव काम यांवरून त्यांनी कोणते काम कशाच्या आधी आणि कशाच्या नंतर झाले याचा क्रम लावला. पहिल्या लेण्याचे काम त्यांनी हरिषेणाच्याच काळात ठेवले. स्पिंक यांनी दिलेल्या एकेका वर्षावर वाद आहेत, पण हे लेणे पाचव्या शतकातले हे आज बहुतेक अभ्यासक मान्य करतात. दुसरा पुलकेशी गादीवर आला इसवी सन ६१०च्या सुमारास. म्हणजे चित्र रंगवले गेल्यानंतर शंभराहून जास्त वर्षांनी. जो राजा अजून जन्मलाच नव्हता, त्याचा दरबार चित्रकार कसा काढेल?

आज अनेक अभ्यासक हे चित्र महासुदर्शन राजाच्या कथेचे मानतात. महासुदर्शन म्हणजे पाली साहित्यातला महासुदस्सन, कुसावतीचा चक्रवर्ती राजा, बुद्धांचा एक पूर्वजन्म. दीघनिकायात त्याच्या नावाचे सुत्तच आहे. त्यात लोक धन घेऊन राजाकडे येतात आणि राजा म्हणतो की माझ्याकडे पुरेसे आहे. लेण्याच्या बाकीच्या भिंतींवरही महाजनक, शिबी, चांपेय्य अशा जातककथाच आहेत. विहाराच्या भिंतीवर सगळीकडे बुद्धांच्या पूर्वजन्माच्या कथा आणि मध्येच एका राजाच्या परराष्ट्र खात्याची बातमी, हे तसेही विचित्रच दिसते.

हे वाचून आमच्यातला कार्यकर्ता एकदम उठून बसला. म्हणजे बौद्ध कथेवर राजाची पाटी लावली होती तर! आम्ही लगेच पेन उचलले आणि "पुलकेशी" खोडून "महासुदर्शन" लिहिले. मग थांबलो. त्या मुलाचा प्रश्न तसाच शिल्लक होता. महासुदर्शन तरी चित्रात कुठे लिहिला आहे? नाहीच. ती ओळख लेण्याचा काळ, शेजारची चित्रे आणि पाली-संस्कृत कथा एकमेकांशी ताडून केलेली आहे. ती पुलकेशीच्या ओळखीपेक्षा कितीतरी भक्कम आहे, कारण तिला बाहेरचा आधार आहे. तरीसुद्धा ती फोटोत दिसत नाही. आपल्याला आवडते म्हणून तिला "दिसते" या रकान्यात बसवले, तर फर्ग्युसनसाहेबांत आणि आमच्यात फरक काय राहिला?

आता तिसरे वाक्य, राजा प्रसन्न झाला आहे. ते आम्ही सरळ काढून टाकले. चित्राचा रंग ठिकठिकाणी उडालेला आहे आणि छपाईत चेहरे आणखी पुसट झाले आहेत. भेट मिळाली की राजा खूश होणारच, हे आमच्या डोक्यातले होते. ते आम्ही राजाच्या तोंडावर रंगवले.

चौथ्या वाक्याची मात्र आम्हाला लाज वाटली. "भोवती दासी उभ्या असून काही काळ्या दासी चवरी ढाळत आहेत." फोटोत काय दिसते? स्त्रिया दिसतात. एकीच्या हातात चवरी आहे. काही गोऱ्या रंगात आहेत, काही गडद रंगात. "दासी" हा शब्द चित्रात नाही, तो आमचा. आणि "काळ्या" हा शब्द "दासी"ला चिकटून किती सहज आला! बाईंनी फोटो वर्गात आधी एकदा फिरवला होता. त्या म्हणाल्या, वर्गातल्या मुलांनीही तसेच केले. गोरी दिसली ती राणी, काळी दिसली ती मोलकरीण. मुलांना हे कोणी शिकवले नव्हते. जाहिराती, मालिका, लग्नाच्या बैठका यांतून ते आपोआप शिकले जाते. आम्हालाही कोणी शिकवले नव्हते, आणि आम्ही तर या विषयावर व्याख्याने देतो.

अजिंठ्याचे चित्रकार हा हिशेब मानत नाहीत. याच पहिल्या लेण्यात मुकुट आणि दागिने घातलेली गडद वर्णाची एक स्त्री आहे. पुढच्या काळातल्या लोकांनी तिला 'काळी राजकन्या' असे नाव दिले. तेही नाव चित्रात नाही, पण मुकुट आणि दागिने तर डोळ्यांनी दिसतात. त्वचेच्या रंगावरून दर्जा ठरवायचा नियम त्या भिंतीवर चालत नाही. म्हणून आम्ही लिहिले: "एका स्त्रीच्या हातात चवरी आहे. काही व्यक्ती फिक्या रंगात, काही गडद रंगात रंगवल्या आहेत." कोण राणी, कोण दासी, हे फोटो सांगत नाही.

इथे एक गोष्ट आठवल्याशिवाय राहत नाही. आमच्या रहिमतपूर स्टेशनाच्या पुढे याच रेल्वेमार्गावर मसूर स्टेशन आहे. १९०१च्या सुमारास लहानगे बाबासाहेब घरातल्या मुलांबरोबर साताऱ्याहून वडिलांकडे निघाले आणि मसूरला उतरले. न्यायला कोणी आले नव्हते. स्टेशनमास्तर चौकशीला आला. मुलांचे कपडे चांगले होते, बोलणे नीटनेटके होते, त्यावरून त्याने ही ब्राह्मणांची मुले असणार असे धरून चालले होते. मुलांनी जात सांगितली आणि त्याचा चेहरा बदलला. बाबासाहेबांनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला आहे. आपण त्यातून अस्पृश्यतेचा अनुभव शिकतो, तो शिकलाच पाहिजे. पण त्यात पाहण्याचाही एक धडा आहे. स्टेशनमास्तरला दिसले होते ते फक्त कपडे. ब्राह्मण हे त्याने स्वतःच्या मनातून जोडले. एकदा कपड्यांवरून चुकला, तरी जात कळल्यावर माणूस कळला असे त्याला वाटले, म्हणजे दुसऱ्यांदाही चुकला. चित्रातल्या बाईला रंगावरून दासी ठरवणारे आम्ही त्याच फलाटावर उभे होतो.

पाचवे वाक्य रंगांचे होते. "तपकिरी आणि उदास." हे तरी डोळ्यांनी दिसते ना, असे वाटले. पण आम्ही तोच फोटो तीन ठिकाणी पाहिला. बाईंच्या छापील कागदावर तो तपकिरी होता, मोबाईलवर लालसर, आणि एका जुन्या पुस्तकात जवळपास काळा. फोटोतला रंग हा कॅमेरा, दिवा, शाई आणि पडदा यांचा मिळून झालेला असतो. मूळ भिंतीचा रंगही चित्रकाराने दिला तसा उरलेला नाही. एकोणिसाव्या शतकात नकला काढणाऱ्यांनी भिंतीवर व्हार्निश फासले. १९२० नंतर निजाम सरकारने इटलीहून तज्ज्ञ बोलावले. त्यांनी पडायला आलेले रंगाचे पापुद्रे पक्के केले, पण वर चपड्याचा लेप दिला. हे लेप काळाबरोबर पिवळे-तपकिरी पडत गेले आणि पुढे पुरातत्त्व खात्याला ते काढत बसावे लागले. म्हणजे आम्ही ज्याला अजिंठ्याच्या चित्रकाराची उदासी म्हणत होतो, तिच्यात चपड्याचा वाटा होता. याच चित्रकारांनी पहिल्या लेण्यात निळ्यासाठी राजावर्त दगडाची पूड वापरली आहे. तो दगड आजच्या अफगाणिस्तानातून यायचा. फोटोत निळ्याचा एक बारीक ठिपका दिसतो, पण तो राजावर्त आहे हे रंगाची तपासणी झाल्यामुळे कळले, फोटोमुळे नव्हे. तसेच ही चित्रे ओल्या चुन्यावर काढलेली नाहीत. माती आणि भुसा कालवून केलेल्या गिलाव्यावर चुन्याचा पातळ हात देऊन, तो वाळल्यावर डिंकासारख्या चिकट द्रवात कालवलेल्या रंगांनी ती रंगवली आहेत. हेही फोटो बघून सांगता येत नाही.

एवढे झाल्यावर बाईंनी एक शंका काढली, आणि ती आमच्या सगळ्या शंकांपेक्षा मोठी निघाली. त्या म्हणाल्या, "दादा, हा फोटो मूळ चित्राचाच आहे ना? का नकलेचा?"

अजिंठ्याच्या बाबतीत हा प्रश्न विचारायलाच हवा. मेजर रॉबर्ट गिल यांनी वर्षानुवर्षे लेण्यांत बसून मोठ्या नकला काढल्या. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग मुंबईच्या जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे गेले. पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे विद्यार्थी हंगामामागून हंगाम तिथे राबले. या नकलांतल्याही शंभरावर १८८५ साली लंडनमध्ये आगीत गेल्या. उरलेल्यांवरून ग्रिफिथ्स यांनी १८९६च्या सुमारास मोठे सचित्र पुस्तक काढले. आज इंटरनेटवर "अजिंठा" म्हणून फिरणारी कितीतरी चित्रे या नकलांची किंवा त्या पुस्तकातल्या छापांची असतात. नक्कल खोटी नसते. उलट भिंतीवरून तेव्हापासून गळून पडलेला भाग कधी कधी नकलेतच शिल्लक असतो. पण नकलेतली रेघ विद्यार्थ्याची असते, आणि पुसट जागी त्याला जे वाटले तेही तिच्यात मिसळलेले असते.

फरक ओळखायचा कसा? आम्ही दोन-तीन खुणा पाहिल्या. मूळ भिंतीच्या फोटोत गिलावा उखडलेल्या मातकट जागा असतात. त्या आकृत्यांना मधेच कापतात, एखाद्याचा अर्धा चेहराच गेलेला असतो. नकलेत रेघा जास्त स्वच्छ आणि सलग असतात. कधी कडेला कापडाची किंवा कागदाची किनार दिसते. आमच्या फोटोत उखडलेल्या जागा होत्या, त्यामुळे तो भिंतीचा असावा असे आम्ही ठरवले. "असावा" हा शब्दही मुद्दाम ठेवला, कारण काही नकलाकारांनी ते उखडलेले डागसुद्धा इमानाने रंगवले आहेत. पक्के करायचे तर फोटोखाली तो कोणी, कुठे, कधी काढला हे लिहिलेले असायला हवे. ते नव्हते.

मग आम्ही वर्णन नव्याने लिहिले. कागदाचे तीन भाग केले. पहिल्या भागात फक्त डोळ्यांना दिसणारे. दुसऱ्यात त्यावरून आम्हाला जे वाटते ते, आणि वाटण्याचे कारण. तिसऱ्यात फोटोबाहेरून कळलेले, आणि ते कोणी सांगितले ते. पहिला भाग सगळ्यात लांब झाला, कारण त्या मुलाला हवा होता तो हाच. त्यात क्रम ठेवला. आधी सगळे मिळून काय आहे, मग मधली आकृती, मग तिच्या भोवतालचे, मग कडा. डावे-उजवे म्हणजे पाहणाऱ्याचे डावे-उजवे, हे सुरुवातीलाच सांगून ठेवले, नाहीतर राजाचा डावा हात आणि आपला डावा हात यांत गोंधळ होतो. "सुंदर", "भव्य", "प्रसन्न" असले शब्द काढले, कारण त्यांतून त्याला काहीच दिसत नव्हते. त्याऐवजी "टोपी वर टोकाला निमुळती होत जाते, पावसाळ्यात घोंगडीची खोळ घेतल्यासारखी" असे लिहिले. घोंगडीची खोळ त्याने हाताने चाचपलेली होती.

दुसऱ्या भागात असे लिहिले: "टोपी, दाढी आणि अंगभर कपडे इतरांपेक्षा वेगळे आहेत, म्हणून हे लोक दुसऱ्या मुलखातून आलेले असावेत. त्यांच्या हातांत वस्तू आहेत, म्हणून ते काही द्यायला आले असावेत." तिसऱ्या भागात: "१८७९ साली फर्ग्युसन यांनी राजाला पुलकेशी म्हटले. लेण्याचा काळ पाचव्या शतकातला ठरल्यावर ते टिकले नाही. आता अनेक अभ्यासक ही महासुदर्शन राजाची कथा मानतात." पुलकेशीचे नाव आम्ही गाळले नाही. मुलांना ते कुठेतरी वाचायला मिळणारच आहे. तेव्हा ते कुठून आले आणि का पडले, हे त्यांना माहीत असलेले बरे.

आकाराच्या प्रश्नाचेही उत्तर दिले. या तुकड्याचे माप आमच्याकडे नव्हते, पण पहिल्या लेण्याचा सभामंडप सुमारे ६४ फूट लांब आणि तेवढाच रुंद आहे आणि त्यात २० खांब आहेत, हे पुस्तकात मिळाले. शाळेच्या पटांगणात आम्ही त्या मुलाचा हात धरून ६४ फूट चाललो, मग वळून पुन्हा ६४ फूट. चारही बाजू फिरून झाल्यावर तो म्हणाला, "आणि ह्याच्या भिंतीभर चित्रं?" आम्ही म्हणालो, हो, भिंतीभर आणि छतावरसुद्धा. त्यावर तो जे हसला, ते आमच्या पहिल्या पाच वाक्यांना हसला नव्हता.

मित्रांनो, हे सगळे शाळेच्या एका तासापुरते वाटत असेल, तर आपल्या मोबाईलमधले ग्रुप उघडून पाहा. मागच्या वर्षी आमच्याच एका ग्रुपवर ध्यानस्थ दगडी मूर्तीचा फोटो आला. खाली ओळ होती, "बुद्धमूर्ती सापडली, दडपण्याचा प्रयत्न." आम्हीही तो पुढे पाठवला. पुढे पुरातत्त्व शिकलेल्या एका मित्राने तो मोठा करून दाखवला. खांद्यावरून चीवराची रेघ नव्हती, डोक्यावर एकावर एक तीन छत्रे होती. मूर्ती जैन तीर्थंकरांची असण्याची शक्यता जास्त होती. बसलेले बुद्ध आणि बसलेले तीर्थंकर, दोघांचेही हात मांडीत असले तर समोरून काढलेल्या फोटोत फसायला होतेच. तीर्थंकरांच्या छातीवर श्रीवत्साची खूण असते म्हणतात, पण दक्षिणेकडच्या बऱ्याच मूर्तींवर ती नसते, म्हणजे खूण नाही म्हणून बुद्ध असेही ठरत नाही. आसनावरचे लांछन पाहावे तर फोटो कमरेपर्यंतच. शेंदूर फासला असेल तर चीवराची रेघ असूनही दिसत नाही. अशा फोटोखाली लिहिता येते ते एवढेच: ध्यानस्थ बसलेली दगडी मूर्ती, ठिकाण अमुक, फोटो अमक्याने काढला, ओळख पटवायची आहे.

कोणी म्हणेल, समोरचे लोक आपल्या लेण्यांना पांडवलेणी म्हणतात, बुद्धांना भलत्याच नावाने पूजतात, आणि आपण मात्र "असावा, वाटते" करत बसायचे? हा राग आम्हाला ठाऊक आहे, आमचाही तोच आहे. पण आपला दावा टिकतो तो पुराव्यावर. कार्ले, नाशिक, जुन्नरची लेणी बौद्ध आहेत हे आपण मूर्तीच्या तोंडावळ्यावरून सांगत नाही. तिथल्या भिंतींवर दात्यांची नावे आणि भिक्खुसंघाला दिलेली दाने ब्राह्मी लिपीत कोरलेली आहेत, त्यावरून सांगतो. तो पुरावा लोखंडी आहे. चुकीचा फोटो फिरवून आपण त्या लोखंडाशेजारी कागदाचा तुकडा नेऊन ठेवतो, आणि समोरचा माणूस नेमका तो कागदच फाडून दाखवतो. शिवाय त्या तीर्थंकरांच्या मूर्तीवर आपली पाटी लावणे म्हणजे दुसऱ्या श्रमण परंपरेशी तेच वागणे झाले, जे आपल्याशी झाले म्हणून आपण भांडतो.

धम्माचे एक लक्षण 'एहिपस्सिको' असे सांगितले आहे. ये आणि पाहा. ज्या मुलाला पाहता येत नाही त्याला हे आमंत्रण द्यायचे, तर पाहिलेले आणि ऐकलेले वेगळे करून त्याच्या हातात ठेवावे लागते, म्हणजे त्याला स्वतः तपासता येते.

वर्गातला तो तास झाला. बाईंनी आधी पहिला भाग वाचला आणि मुलांना म्हणाल्या, आता तुम्ही सांगा, हे लोक कोण असतील? डोळस मुलांनी वकील, व्यापारी, पाहुणे, सोयरे अशी उत्तरे दिली. आमच्या मुलाने हात वर केला आणि विचारले, टोपीवाल्यांचे पाय दिसतात का, त्यांनी जोडे घातलेत का? सगळा वर्ग फोटोवर वाकला. त्या छपाईत पाय नीट दिसत नव्हते. बाईंनी फळ्यावर तिसऱ्या भागाखाली लिहिले, "जोडे: मोठा फोटो मिळवून पाहणे." पुढच्या सहलीला अजिंठा धरावा, असे आता शाळेत चालले आहे. तो मुलगा म्हणतो, मी येणार, आणि भिंतीजवळ उभे राहून तुम्ही काय काय सांगता ते या कागदाशी ताडून बघणार.

जयभीम.